स्मरणशक्तीच्या चाचणीत 98 वरून 92! विसराळूपणा वाढला की चाचणीच डळमळीत? आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, समजून घ्या

समजा, 64 वर्षांच्या एका व्यक्तीची स्मरणशक्तीची चाचणी झाली आणि रिपोर्टवर 98 हा आकडा आला. वर्षभरानं तीच चाचणी पुन्हा झाली, तेव्हा आला 92. सहा गुण कमी. घरच्यांच्या मनात लगेच प्रश्न येतो: ही डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर फक्त या दोन आकड्यांत नाही. ते चाचणीबद्दलच्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, ही चाचणी पुन्हा पुन्हा घेतली तर साधारण तेच उत्तर देते का? याला म्हणतात विश्वसनीयता, म्हणजेच रिलायबिलिटी. दुसरी, ती खरोखर स्मरणशक्तीच मोजते का, की दुसरंच काहीतरी? याला म्हणतात वैधता, म्हणजेच व्हॅलिडिटी. मानसशास्त्राच्या काही मराठी पुस्तकांत यासाठी 'सप्रमाणता' हा शब्दही दिसतो.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्याच्या डोक्याचा घेर टेपनं दहा वेळा मोजला, तर दहाही वेळा जवळपास तोच आकडा येईल. मोजमाप विश्वसनीय आहे. पण त्या आकड्याला कुणी 'स्मरणशक्ती' म्हणू लागलं, तर ते मोजमाप वैध नाही. उलट, ज्या चाचणीचं उत्तर दर आठवड्याला बदलतं, ती स्मरणशक्ती नीट मोजते असा दावाच करता येत नाही. विश्वसनीयता ही वैधतेची पहिली पायरी आहे, पण एकटी ती पुरत नाही.

हे सगळं एका खऱ्या चाचणीच्या आधारानं पाहूया.

वेक्सलर मेमरी स्केल म्हणजे काय?

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांनी 1945 मध्ये ही चाचणी प्रसिद्ध केली. बुद्धिमत्ता चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेले वेक्सलर हेच.

मूळ चाचणीत सात भाग होते. स्वतःबद्दलची आणि चालू घडामोडींची माहिती सांगणं. आज तारीख कोणती, आपण कुठे आहोत हे सांगणं. 20 पासून 1 पर्यंत उलट मोजण्यासारखी मन एकाग्र करायला लावणारी कामं. छोटी गोष्ट ऐकून लगेच परत सांगणं. अंकांची मालिका सुलट आणि उलट म्हणणं. आकृती काही सेकंद पाहून कागदावर काढणं. आणि शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवणं, म्हणजे जोडीतला एक शब्द ऐकला की दुसरा सांगायचा.

या सातही भागांचे गुण एकत्र करून एकच आकडा काढला जायचा. त्याचं नाव मेमरी कोशंट, थोडक्यात एमक्यू. आयक्यूसारखाच, सरासरी 100. हा 'एकच आकडा' लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ त्याच्याच भोवती आहे.

एकच माणूस, दोन वेळा चाचणी

विश्वसनीयता तपासायचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे त्याच लोकांची तीच चाचणी थोड्या दिवसांनी पुन्हा घ्यायची. याला टेस्ट-रिटेस्ट पद्धत म्हणतात. दोन्ही वेळच्या गुणांचा एकमेकांशी किती मेळ बसतो, ते एका आकड्यात सांगतात. 0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ.

भारतातलं उदाहरण घेऊ. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेत द्वारका परशाद आणि एन. एन. विग यांनी 1977 मध्ये सोप्या हिंदीत स्मरणशक्तीची चाचणी तयार केली. तिचं नाव पीजीआय मेमरी स्केल. तिचे दहा भाग आहेत आणि आपल्याकडे ती आजही वापरली जाते. एका आठवड्याच्या अंतरानं ती पुन्हा घेतली, तेव्हा वेगवेगळ्या भागांचा मेळ 0.69 ते 0.85 इतका आला. संपूर्ण चाचणीचा मात्र 0.90.

सुटे भाग कमी विश्वसनीय आणि बेरीज जास्त विश्वसनीय, असं का? एखाद्या भागात मोजकेच प्रश्न असतात. तेवढ्या वेळात बाहेर हॉर्न वाजला, लक्ष विचलित झालं किंवा अंदाज बरोबर निघाला, तर त्या भागाचे गुण लगेच हलतात. दहा भागांच्या बेरजेत अशा योगायोगाच्या चुका बऱ्याच प्रमाणात एकमेकींना खोडून काढतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये एखाद्याच भागाचे गुण कमी दिसले, तर एकूण गुणांइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही.

दोन चाचण्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, हाही प्रश्न असतो. दुसऱ्याच दिवशी चाचणी घेतली, तर माणसाला कालची गोष्ट आणि कालचे शब्द आठवतात. दोन वर्षांनी घेतली, तर मधल्या काळात खरंच स्मरणशक्ती बदललेली असू शकते. मग गुण बदलले ते चाचणीच्या चुकीमुळे की माणूस बदलल्यामुळे, हे वेगळं करता येत नाही. म्हणून विश्वसनीयतेचा आकडा वाचताना तो किती दिवसांच्या अंतरानं काढला, हे सोबत वाचावं लागतं.

मेळ उत्तम, तरीही गुण बदलले! हे कसं?

टेस्ट-रिटेस्टच्या आकड्यात एक गोष्ट दिसतच नाही. ती इथे एका काल्पनिक उदाहरणातून बघू.

पाच जणांना पहिल्यांदा 80, 90, 100, 110 आणि 120 गुण मिळाले. महिन्याभरानं त्यांनाच 88, 98, 108, 118 आणि 128 मिळाले. दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ किती? बरोबर 1.00. अगदी परिपूर्ण. पण प्रत्येकाचे गुण तर 8 नं वाढलेत!

कारण हा आकडा फक्त एवढंच बघतो की गटात कोण कोणाच्या किती पुढे आहे. सगळेच एकदम वर सरकले, तर त्याला काही फरक पडत नाही. आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत सगळे वर सरकणं अगदी स्वाभाविक आहे. गोष्ट ओळखीची झालेली असते, आपल्याला काय करायला सांगणार आहेत हे माहीत असतं, पहिल्या वेळची धाकधूक नसते. याला सरावाचा परिणाम म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे त्याच काठिण्याची पण वेगळ्या गोष्टी आणि वेगळे शब्द असलेली जोडचाचणी. वेक्सलर यांच्या मूळ चाचणीचीही पुढच्याच वर्षी, 1946 मध्ये, दुसरी आवृत्ती काढली गेली होती. अशा जोडचाचणीनं सराव कमी होतो, पण पूर्ण जात नाही. कारण शब्द बदलले तरी चाचणी कशी द्यायची हे माणूस एकदा शिकलेला असतो.

मग 98 वरून 92 म्हणजे नेमकं काय?

आता हा हिशेब करून बघू. चाचणीची सरासरी 100 आहे आणि लोकांच्या गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाणित विचलन, 15 आहे असं धरू. विश्वसनीयता 0.90 धरू.

एका वेळच्या आकड्यात साधारण किती चूक असू शकते, ते या सूत्रानं निघतं:

```
चूक = 15 × √(1 − 0.90) = 4.7
```

म्हणजे 98 हा आकडा प्रत्यक्षात एक बिंदू नाही, पट्टा आहे. 100 पैकी 95 वेळा चालेल असा पट्टा हवा असेल, तर या चुकीला 1.96 नं गुणतात. उत्तर येतं सुमारे 9. म्हणजे '98' चा अर्थ '89 ते 107 च्या मध्ये कुठेतरी'.

दोन चाचण्यांमधला फरक काढताना दोन्ही वेळची चूक त्यात येते, म्हणून पट्टा आणखी रुंद होतो:

```
फरकातली चूक = 4.7 × √2 = 6.7
95 टक्के पट्टा = 6.7 × 1.96 = सुमारे 13
```

थोडक्यात, स्मरणशक्ती जशीच्या तशी असतानाही दोन वेळच्या गुणांत 13 पर्यंतचा फरक निव्वळ चाचणीच्या डळमळीतून येऊ शकतो. 98 वरून 92 हा फरक फक्त 6 चा आहे. एवढ्यावरून कुणी 'घसरण सुरू झाली' म्हणत असेल, तर ते आकड्यात नसलेलं वाचणं आहे.

आता विश्वसनीयता 0.90 ऐवजी 0.70 धरा. पीजीआय स्केलचा सर्वात कमी स्थिर भाग साधारण इथेच होता. मग हाच पट्टा 13 वरून सुमारे 23 वर जातो. म्हणजे अशा भागात तब्बल 20 गुण घसरले, तरी तेवढ्यावरून खात्रीनं काहीच सांगता येणार नाही. 0.90 आणि 0.70 हे आकडे कागदावर फारसे लांब वाटत नाहीत. पण घरातल्या माणसाच्या बाबतीत निर्णय घेताना त्यांच्यातलं अंतर एवढं मोठं असतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. वर पाहिलेला सरावाचा परिणाम आता हिशेबात घ्या. निरोगी लोकांचे गुण दुसऱ्या वेळी सरासरी 8 नं वाढतात असं मानू. मग 98 मिळवलेल्या व्यक्तीला दुसऱ्या वेळी 106 च्या आसपास मिळायला हवे होते. मिळाले 92. अपेक्षेपेक्षा 14 कमी. आणि आपला पट्टा होता 13 चा!

तोच रिपोर्ट, तेच दोन आकडे. सराव विसरलात तर 'काही नाही', सराव धरलात तर 'पुढे तपासायला हवं'. म्हणूनच गुण वाढले नाहीत, तेवढेच राहिले, हीसुद्धा कधी कधी तज्ज्ञांसाठी महत्त्वाची खूण असते. अर्थात 8 हा आकडा आपण मानलेला आहे. खऱ्या चाचणीत तो तिच्या पुस्तिकेतून घ्यावा लागतो, आणि वर्षभराच्या अंतरानं सरावाचा फायदा महिन्याभरापेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त.

सगळे प्रश्न एकाच दिशेनं ओढतात का?

विश्वसनीयता तपासायची दुसरी पद्धत एकाच बैठकीत होते. चाचणीतले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, ते पाहायचं. याला अंतर्गत सुसंगती म्हणतात.

जुनी पद्धत सोपी आहे. 20 प्रश्नांचे दोन भाग करायचे, 1, 3, 5 हे एका बाजूला आणि 2, 4, 6 हे दुसऱ्या बाजूला. दोन्ही अर्ध्या भागांचे गुण जुळले, तर चाचणी सुसंगत. पण प्रश्नांची विभागणी बदलली की उत्तरही थोडं बदलतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी क्रॉनबॅक अल्फा हा आकडा वापरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी 1951 मध्ये तो मांडला. ढोबळमानानं सांगायचं, तर शक्य असलेल्या सगळ्या विभागण्या करून त्यांची सरासरी घ्यावी, तसा हा आकडा आहे.

चाचण्यांच्या जाहिरातीत आणि ॲपच्या माहितीत 'अल्फा 0.91' असं ठळक लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजत असणार. तसं असेलच असं नाही. याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण प्रश्नांची संख्या. प्रश्नांचा आपसातला सरासरी मेळ फक्त 0.2 आहे असं धरा, म्हणजे बराच कमजोर. तरी अल्फा असा वाढत जातो:

- 5 प्रश्न: 0.56
- 10 प्रश्न: 0.71
- 20 प्रश्न: 0.83
- 40 प्रश्न: 0.91

प्रश्न तसेच कमजोर राहिले. फक्त त्यांची संख्या वाढली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एक चाचणी कल्पनेत बनवू. 10 प्रश्न अंकांची मालिका लगेच परत म्हणण्याचे. 10 प्रश्न ऐकलेल्या गोष्टीतले तपशील सांगण्याचे. अंकांचे प्रश्न आपसात चांगले जुळतात, मेळ 0.5. गोष्टीचे प्रश्नही आपसात जुळतात, मेळ 0.5. पण अंक आणि गोष्ट यांचा एकमेकांशी मेळ शून्य. म्हणजे या चाचणीत चक्क दोन वेगळ्या क्षमता आहेत, ज्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही.

या 20 प्रश्नांचा अल्फा किती येईल? 0.86!

आकडा सांगतो 'छान सुसंगत'. प्रत्यक्षात एका व्यक्तीला अंकांमुळे गुण मिळालेत आणि दुसऱ्या व्यक्तीला गोष्टीमुळे. दोघांची बेरीज सारखी, पण दोघांचे मेंदू अगदी वेगळी अडचण सांगत असू शकतात. अल्फा 'प्रश्न एकत्र धरून बेरीज बऱ्यापैकी स्थिर आहे' एवढंच सांगतो. 'एकच गोष्ट मोजली जातेय' हे सांगत नाही.

वेक्सलर यांच्या मूळ चाचणीत नेमके हेच दोन प्रकार, अंकमालिका आणि गोष्ट, एका एमक्यूमध्ये मिसळलेले होते. त्याचा परिणाम काय होतो, हे जगातल्या सर्वात प्रसिद्ध रुग्णाच्या रिपोर्टमध्ये दिसतं.

आयक्यू 112, एमक्यू 67: एच. एम. यांची चाचणी

हेन्री मोलेसन यांना तीव्र अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा त्रास होता. 1953 मध्ये, ते 27 वर्षांचे असताना, सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्साही गेला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या आठवणी तयार होणं जवळपास थांबलं. 2008 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत जग त्यांना फक्त एच. एम. या नावानं ओळखत होतं.

एप्रिल 1955 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांची चाचणी घेतली. मोलेसन यांनी तारीख सांगितली मार्च 1953 आणि वय सांगितलं 27. खोलीत येण्याच्या थोडंच आधी ते दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलले होते. आपल्याशी कुणी बोललं होतं हे त्यांनी साफ नाकारलं.

त्यांचा आयक्यू आला 112, सरासरीपेक्षा वर. वेक्सलर मेमरी स्केलवर एमक्यू आला 67. शब्दांच्या अवघड जोड्यांमध्ये त्यांना शून्य गुण मिळाले. हे निष्कर्ष 1957 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता वैधतेचा प्रश्न. स्मरणशक्ती काही डोळ्यांनी दिसत नाही. तिला उंचीसारखी फूटपट्टी लावता येत नाही. 'स्मरणशक्ती' ही आपण वागण्यावरून उभी केलेली संकल्पना आहे, इंग्रजीत जिला कन्स्ट्रक्ट म्हणतात. मग चाचणी तीच संकल्पना मोजते हे सिद्ध कसं करायचं? एच. एम. यांची चाचणी झाली त्याच वर्षी, 1955 मध्ये, क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी यावर एक लेख लिहिला आणि 'कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी' ही कल्पना पक्की झाली. त्यांचं म्हणणं असं की एका पुराव्यानं भागत नाही. संकल्पनेवरून जी जी भाकितं निघतात, ती सगळी तपासायची.

1959 मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी यातल्या दोन बाजू स्पष्ट केल्या. एक, चाचणी तिच्या भावंडांशी जुळली पाहिजे, म्हणजे स्मरणशक्तीच्याच दुसऱ्या चाचण्यांशी. पीजीआय स्केलचे गुण वेक्सलर स्केलशी 0.85 इतके जुळले, हा या प्रकारचा पुरावा. दोन, चाचणी परक्यांशी फार जुळता कामा नये. स्मरणशक्तीचे गुण आयक्यूशी अगदी तंतोतंत जुळत असतील, तर मग ती दुसऱ्या नावानं घेतलेली बुद्धिमत्ता चाचणीच ठरेल.

या कसोटीवर एच. एम. यांचा निकाल चाचणीच्या बाजूनं बोलतो. बुद्धी शाबूत आणि स्मरणशक्ती गेलेली असा माणूस समोर आला, तेव्हा दोन आकड्यांत 45 गुणांची दरी पडली. चाचणीनं बुद्धी आणि स्मृती यांच्यात फरक केला.

पण 67 हा आकडा पुन्हा बघा. ज्या माणसाला काही मिनिटांपूर्वीचा संवाद आठवत नाही, त्याच्यासाठी 67 कमी आहे की जास्त? 67 वाचून वाटतं, स्मरणशक्ती कमजोर आहे, पण थोडीफार आहे. प्रत्यक्षात नव्या घटना लक्षात राहण्याची क्षमता जवळपास संपलेली होती.

आकडा त्याहून खाली का गेला नाही? कारण एमक्यूमध्ये अंकमालिका होती. ऐकलेले आकडे लगेच परत म्हणणं मोलेसन यांना सामान्य माणसासारखं जमत होतं. ते काम काही सेकंद लक्ष धरून ठेवण्याचं आहे, आठवण साठवण्याचं नाही. त्या गुणांनी बेरीज सावरली. दुसरं कारण, मूळ चाचणीत गोष्ट ऐकल्यावर ती लगेचच विचारली जायची. अर्ध्या तासानंतर पुन्हा विचारायची सोयच नव्हती. आणि मोलेसन यांची खरी अडचण नेमकी तिथेच होती: लक्ष दुसरीकडे वळलं की आधीचं सगळं पुसलं जायचं.

म्हणजे चाचणीचा आकडा स्थिर असू शकतो, प्रश्न सुसंगत दिसू शकतात, तरी 'स्मरणशक्ती' या शब्दाखाली काय काय मोजलं जातंय हे तपासलं नाही, तर गंभीर अडचणही सौम्य दिसते.

चाचणी कशी सुधारली?

1975 मध्ये एल्बर्ट रसेल यांनी गोष्ट आणि आकृत्या अर्ध्या तासानंतर पुन्हा विचारण्याची पद्धत मांडली. 1987 मध्ये चाचणीची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा तो एकच एमक्यू गेला. लक्ष आणि एकाग्रता यांचा आकडा वेगळा झाला. वेळ गेल्यानंतर किती आठवतं, याचाही वेगळा आकडा आला. पुढे 1997 आणि 2009 मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या.

याचा रोजच्या वापरात फायदा काय? नैराश्य, अपुरी झोप किंवा काळजी असेल, तर माणसाचं लक्षच लागत नाही. लक्ष नसेल तर गोष्ट मुळात आत शिरत नाही. अशा व्यक्तीला लगेच विचारलं तरी कमी आठवतं, पण जेवढं आत गेलं त्यातलं बरंचसं अर्ध्या तासानंतरही टिकतं. अल्झायमरमध्ये चित्र वेगळं असतं. लगेच सांगितलेलंही अर्ध्या तासात निसटून जातं. आकडे वेगळे ठेवले तरच हा फरक दिसतो. एका बेरजेत दोघंही सारखेच दिसू शकतात.

भाषांतर केलं की वैधताही सोबत येते का?

नाही. आपल्यासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

1980 मध्ये एन. सी. एलिस आणि आर. ए. हेनेली यांनी वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा अभ्यास केला. वेल्श भाषेत अंकांची नावं म्हणायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे त्याच लोकांना वेल्शमध्ये इंग्रजीपेक्षा कमी अंक लक्षात राहत होते. माणसाची स्मरणशक्ती तीच, अंकही तेच, फक्त भाषा बदलली आणि गुण घसरले. इंग्रजीतले निकष वेल्श मुलांना लावले, तर भाषेचा परिणाम मुलांची कमतरता म्हणून नोंदवला जाणार.

परक्या शहरांची आणि आडनावांची गोष्ट मराठी आजीला ऐकवली, तर ती नावं लक्षात ठेवण्यातच तिची शक्ती जाते. कधी शाळेत न गेलेल्या माणसाला आकृती काढायला सांगितली, तर पेन्सिल धरण्याचा सरावही गुणांत मोजला जातो. पीजीआय स्केल सोप्या हिंदीत मुद्दाम बनवावी लागली, ती यासाठीच. आणि तिच्यातले प्रश्नही मराठीत आणले, तर मराठी लोकांवर विश्वसनीयता आणि वैधता पुन्हा तपासावी लागते. हे गुण चाचणीच्या कागदाला चिकटलेले नसतात. अमुक लोकांवर, अमुक कामासाठी वापरली तेव्हाच्या गुणांबद्दल ते बोलतात.

रिपोर्ट हातात आला, तर काय विचाराल?

- या आकड्याचा पट्टा किती? '92' नाही, '83 ते 101' असं उत्तर मिळालं पाहिजे.
- आधीच्या चाचणीशी तुलना करताना सराव धरला का? दुसऱ्या वेळी तोच संच वापरला की जोडचाचणी, हेही विचारा.
- लक्ष, लगेचची आठवण आणि अर्ध्या तासानंतरची आठवण यांचे गुण वेगळे दिलेत का? फक्त एकच बेरीज असेल, तर सुटे गुण मागा. मात्र सुट्या गुणांचा पट्टा रुंद असतो, हे विसरू नका.
- तुलना कुणाशी केली? वय, शिक्षण आणि भाषा यांत साधारण सारख्या असलेल्या लोकांशी तुलना झाली, तरच 100 ही सरासरी तुमच्या घरच्या माणसाला लागू होते.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर दोन मिनिटांत 'मेंदूचं वय' सांगणारी क्विझ दिसली, तर हेच प्रश्न तिलाही विचारून बघा. पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा खेळ म्हणून घ्या आणि पुढे स्क्रोल करा.

आणि एखादी व्यक्ती गॅस बंद करायला वारंवार विसरत असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकत असेल, तेच तेच पुन्हा विचारत असेल, तर चाचणीत 98 आलेत म्हणून थांबू नका. रोजच्या जगण्यातला हा बदल हाही एक पुरावाच आहे. तो डॉक्टरांना सांगा, कारण कोणत्याही चाचणीच्या गुणांचा अर्थ त्याच्याशी ताडूनच लावला जातो.